दुपारचं निळं आकाश, मावळतीचा लाल सूर्य: वाटेत निळा प्रकाश जातो कुठे?

प्रश्न: सर, आम्ही दादरला राहतो. चौपाटीवर फिरताना माझ्या नववीतल्या मुलाने विचारलं, "सूर्य तोच, हवा तीच, मग दुपारी आकाश निळं आणि मावळताना लाल का?" मी समुद्राचं प्रतिबिंब, धूळ असं काहीतरी सांगितलं, पण माझं मलाच पटलं नाही. शिवाय हिवाळ्यात सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच विरून जातो, आणि तो गेल्यावरही डोक्यावर निळंच असतं. हे सगळं एकत्र कसं बसवायचं?

उत्तर:

सूर्य तोच आणि हवाही तीच, इथवर मुलाचं अगदी बरोबर आहे. बदलते ती फक्त प्रकाशाची हवेतली वाट. दुपारी ती छोटी असते, मावळताना फार लांब. दुपारी आकाशात आपल्याला दिसतो तो हवेने वाटेत विखुरलेला प्रकाश. मावळत्या सूर्याकडे बघतो तेव्हा दिसतो तो विखुरून झाल्यावर शिल्लक राहिलेला. हिशेबाची वही एकच आहे, दुपारी आपण खर्चाचं पान बघतो आणि संध्याकाळी शिल्लक.

आधी प्रतिबिंब आणि धूळ या दोन गोष्टी बाजूला करू. समुद्रामुळे आकाश निळं होत असतं तर मुंबईचं आकाश मातकट असायला हवं होतं, कारण आपल्या किनाऱ्याचं पाणी वर्षातले बरेच महिने त्याच रंगाचं असतं. आणि नागपूरला आकाश निळं दिसायचं काहीच कारण उरलं नसतं. उलट बाजूचा समज, म्हणजे आकाशामुळे समुद्र निळा, हा मात्र मोठमोठ्यांचा होता. 1921 साली सी. व्ही. रामन युरोपातून 'नार्कुंडा' बोटीने परतत होते. खोल समुद्रावर त्यांनी निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. प्रिझम योग्य कोनात फिरवला की पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं. ते पुसल्यावरही पाणी निळंच होतं, उलट जास्तच निळं. त्यावरचं पत्र त्यांनी बोट मुंबई बंदरात आल्यावर धाडलं. आज आपण पाण्याच्या निळ्या रंगाचं मोठं श्रेय पाणी लाल प्रकाश शोषून घेतं याला देतो, पण प्रतिबिंबाचा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला.

धुळीचं प्रकरण जरा वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच जणांना वाटत होतं की हवेतल्या बारीक कणांमुळे आकाश निळं होतं. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये असे सूक्ष्म कण प्रकाश कसा विखुरतील याचं गणित मांडलं आणि 1899 मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी कण वेगळे शोधायची गरज नाही, हवेचे रेणूच त्या कामाला पुरेसे आहेत. म्हणजे धूळ नसली तरी आकाश निळंच राहतं, आणि खरं तर तेव्हाच ते सगळ्यात निळं असतं.

रेणू हे कसं करतात? प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. ती नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूवरून जाते तेव्हा रेणूतले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर पुढेमागे हलतात. हलणारा विद्युतभार स्वतः प्रकाश बाहेर टाकतो आणि तो एका दिशेला नाही, चहूकडे टाकतो. मूळ किरणातला थोडा प्रकाश असा आडवातिडवा फेकला जातो, यालाच विकिरण म्हणायचं. इथे काही शोषलं जात नाही, काही नष्ट होत नाही, फक्त दिशा बदलते. इलेक्ट्रॉन जितक्या जलद हलेल तितका जास्त प्रकाश बाहेर पडतो आणि हा संबंध चौथ्या घाताचा आहे. कंपनसंख्या दुप्पट झाली तर विकिरण सोळा पट होतं. कंपनसंख्या वाढली की तरंगलांबी कमी होते, म्हणून विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता I आणि तरंगलांबी λ धरली तर हेच असं लिहितात:

I ∝ 1/λ⁴

निळ्या प्रकाशाची तरंगलांबी 450 नॅनोमीटर धरा, लालची 650. गुणोत्तर 1.44 आलं, त्याचा चौथा घात सव्वाचारच्या वर जातो. म्हणजे हवेचा तोच रेणू लालपेक्षा निळा प्रकाश चौपटीहून जास्त विखुरतो. यात एक अट आहे आणि तीच पुढे मुंबईच्या हिवाळ्यात कामाला येणार आहे. विखुरणारा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान हवा. हवेचे रेणू तरंगलांबीच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहेत, त्यामुळे ते ही अट सहज पाळतात.

आता दादरच्याच चौपाटीवर उभं राहून एका किरणाचा हिशेब करू. हवा अगदी स्वच्छ आहे, फक्त रेणूच आहेत असं तूर्त मानू.

दिवस मे महिन्याच्या मध्याचा घ्या. मुंबईत त्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. वातावरण वर वर विरळ होत जातं, पण त्यातली सगळी हवा समुद्रसपाटीवरच्या घनतेइतकी दाबून बसवली तर तिचा थर फक्त 8 किलोमीटर जाड भरेल, म्हणजे साधारण दादरहून सीएसएमटीपर्यंत. दुपारचा उभा किरण एवढीच हवा ओलांडतो. वरून 100 भाग निळा प्रकाश निघाला तर सुमारे 80 भाग सरळ खाली पोचतो आणि 20 वाटेत विखुरतो. हिरव्यातले साधारण 9 विखुरतात आणि लालमधले जेमतेम 5. विखुरलेल्यापैकी निम्मा प्रकाश अंदाजे वर, अवकाशात निघून जातो. उरलेला निम्मा आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आपल्या डोळ्यांत येतो.

हे 20, 9 आणि 5 हे आकडे जरा थांबून बघण्यासारखे आहेत. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात हिरवाही आहे आणि लालही आहे, फक्त निळ्याचं पारडं जड आहे. म्हणून आकाशाचा रंग पांढरा मिसळल्यासारखा फिका निळा असतो, शाईसारखा गडद नसतो. "मग जांभळा तर निळ्यापेक्षाही जास्त विखुरतो, आकाश जांभळं का नाही?" असं मुलगा विचारेलच, नववीतली मुलं हे विचारतातच. 400 नॅनोमीटरला 100 पैकी 30 भाग विखुरतात हे खरं आहे. पण सूर्याच्या प्रकाशात जांभळा भाग मुळात कमी आहे आणि त्या टोकाला आपल्या डोळ्यांची नजर फारच मंद होते. वर्णपटाचा तो भाग आकाशात आहे, आपण त्याची फारशी दखल घेत नाही इतकंच.

भर दुपारीसुद्धा आकाश डोक्यावर गडद आणि समुद्राच्या रेषेकडे फिकट होत जातं. क्षितिजाकडे नजर टाकली की आपण हवेच्या खूप मोठ्या थरातून बघत असतो. तिथे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, निळ्याची आघाडी पुसली जाते आणि सगळे रंग मिळून पांढुरका उजेड तयार होतो. हे स्वच्छ हवेतही होतं, त्यामुळे क्षितिज फिकट दिसलं की लगेच प्रदूषणाला दोष देऊ नये.

आता तोच किरण संध्याकाळी पाहू. मार्च किंवा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत सूर्य मावळतीला तासाला 14 अंशांच्या वेगाने खाली येतो. मावळायच्या 40 मिनिटं आधी तो क्षितिजावर 10 अंश असतो. तेव्हा किरणाला दुपारच्या साडेपाच पट हवा ओलांडावी लागते. निळ्यातले 100 पैकी 29 भाग पोचतात, लालमधले 76. सूर्य पिवळसर दिसायला लागलेला असतो. आणखी वीसेक मिनिटांनी, 5 अंशांवर, हवा दहा पट होते. निळा 10 वर येतो, लाल अजून 60 वर टिकून असतो. सूर्य आता नारिंगी. आणि पाण्याला टेकतो तेव्हा किरण जवळजवळ आडवा येत असतो, त्याच्या वाटेत दुपारच्या सुमारे 38 पट हवा येते. आठ किलोमीटरच्या थराचे 300 किलोमीटर झाले म्हणा. निळ्याच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम दोन शिल्लक राहतात, हिरव्याचे शंभरातले दोन-तीन आणि लालचे शंभरातले पंधरा. निळा आणि लाल यांच्यातली तफावत शेकड्यांच्या पटीत गेली. लाल रंग वाढलेला नाही, तोही कमीच झाला आहे, पण बाकीचे त्याच्या कितीतरी आधी संपले. "संध्याकाळी लाल प्रकाश जास्त विखुरतो" असं वाक्य मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. ते उलटं आहे. लाल कमी विखुरतो म्हणूनच तो इथवर पोचतो.

हा निळा गेला कुठे? त्या आडव्या किरणाची वाट मागे पश्चिमेला धरली तर किनाऱ्यापासून सुमारे 350 किलोमीटरवर, अरबी समुद्रावर, तो जमिनीपासून 10 किलोमीटर उंचीवर असतो. हवेचा दाट भाग तिथून पुढे आहे. निळा प्रकाश समुद्राच्या याच पट्ट्यावर विखुरत आलेला असतो. तिथे एखादी बोट असेल तर तिच्यावरच्या लोकांना सूर्य अजून तीनेक अंश वर दिसतो आहे आणि त्यांच्या डोक्यावर अजून निळं आकाश आहे. आपल्या वाटणीचा निळा त्यांच्या आकाशात खर्च झाला.

यात एक बारकावा आहे. वरच्या हिशेबाने लाल झाला तो सूर्य. त्याच्या आजूबाजूचं आकाश आणि ढग लाल दिसायला आणखी एक गोष्ट लागते: तो आधीच लाल झालेला प्रकाश आपल्याकडे वळवणारं काहीतरी. फक्त रेणूंच्या हवेत मावळतीचं आकाश पिवळ्या-नारिंगी छटेवर थांबतं. ढगांचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते रंगात भेदभाव करत नाहीत, जो रंग येईल तो तसाच परत पाठवतात. म्हणून उंचावरचे पिसासारखे ढग सर्वात चांगले पेटतात. ते जमिनीलगतच्या घाणेरड्या थराच्या वर असतात आणि सूर्य आपल्यासाठी मावळल्यावरही काही मिनिटं त्यांच्यावर खालून प्रकाश पडत राहतो. चौपाटीवरची गर्दी सूर्य बुडाला की उठून भेळेच्या गाडीकडे वळते, तेव्हा खरं दृश्य बहुतेक वेळा सुरू व्हायचं असतं.

आता हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर वारा मंद असतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, समुद्राच्या मिठाचे ओलसर कण सगळं खालीच अडकून राहतं. यातले बरेच कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या बरोबरीचे किंवा तिच्याहून मोठे असतात. म्हणजे रॅलेची अट मोडली. असे कण जवळजवळ सगळेच रंग विखुरतात आणि तेही बहुतांशी पुढच्या दिशेला. म्हणून हिवाळ्यात दुपारी सूर्याभोवती पांढरी चकाकी पसरलेली असते आणि आकाश निळ्याऐवजी दुधी होतं. तुम्हाला हवेचा अंदाज घ्यायचा असेल तर सूर्य इमारतीच्या कडेआड नीट झाकून त्याच्या शेजारचं आकाश बघा. कडेपर्यंत निळं असेल तर हवा स्वच्छ, पांढरं भगभगीत असेल तर कण भरपूर. सूर्याकडे थेट मात्र बघायचं नाही.

संध्याकाळी हेच कण सूर्य गिळतात. एखाद्या धुरकट दिवशी सरळ उभ्या वाटेत हे कण मधल्या रंगांच्या प्रकाशातला चाळीस टक्के भाग मूळ किरणातून बाहेर काढतात असं धरू. शहरी हिवाळ्यासाठी हे अवाजवी नाही. सूर्य 3 अंशांवर आला की वाट पंधरा पट होते. तेव्हा रेणू आणि कण मिळून लाल प्रकाशसुद्धा हजारात एक भाग एवढाच शिल्लक ठेवतात, निळा तर लाखात एकही नाही. त्यानंतर दर अर्ध्या अंशाला वाट झपाट्याने वाढते आणि कण जमिनीलगतच साचलेले असल्यामुळे त्यांचा वाटा त्याहून जास्त वाढतो. तांबूस थाळीसारखा सूर्य पाण्यापासून एखाद-दोन अंशांवर असतानाच पार्श्वभूमीच्या राखाडी उजेडात मिसळून जातो. तुमचा सूर्य बुडत नाही, वरच विझतो.

म्हणून प्रदूषणामुळे सूर्यास्त सुंदर होतात ही समजूत मुंबईपुरती तरी मला मान्य नाही. धुरात सूर्य लाल होतो हे खरं, पण आकाश मळकट होतं. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, वर उंच ढग असताना, जे रंग दिसतात ते जानेवारीत दिसत नाहीत. मोठ्या ज्वालामुखीच्या उद्रेकांनंतर जगभर सूर्यास्त भडक झाले होते, 1883 मध्ये क्राकाताऊनंतर आणि 1991 मध्ये पिनाटुबोनंतर. पण ते बारीक कण स्थितांबरात, ढगांच्याही वर पोचले होते. आपला धूर इमारतींच्या उंचीवर घुटमळतो.

मुलाला हे घरी दाखवायचं असेल तर उंच काचेचा ग्लास किंवा अरुंद बरणी पाण्याने भरा, खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च तळाखाली ठेवा. मग दूध थेंबाथेंबाने टाका, ढवळा आणि बघत राहा. एका लिटरला दहा-पंधरा थेंब पुरतात. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसेल आणि वरून खाली टॉर्चकडे पाहिलं तर दिवा आधी पिवळा, मग नारिंगी होत जाईल. थांबायचं कुठे ते कळायला हवं. हात सैल सुटला तर पाणी सरसकट पांढरं होतं, निळा-नारिंगी दोन्ही जातात, म्हणजे ग्लासात मुंबईचा जानेवारी तयार होतो. दूध साय काढलेलं घ्या. दुधात निळा रंग विखुरण्याचं काम केसीन प्रथिनाचे कण करतात, ते तरंगलांबीहून लहान असतात. स्निग्धांशाचे गोळे त्यांच्याहून खूप मोठे असतात आणि सगळेच रंग विखुरून प्रयोग फिका पाडतात. फुल क्रीमच्या पिशवीने प्रयोग फसला की लोक पाण्याला दोष देतात.

राहता राहिलं डोक्यावरचं निळं आकाश. हा प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण तिघांत तोच सर्वात अवघड आहे आणि केवळ विकिरणाने त्याचं उत्तर मिळत नाही. विचार करा, सूर्य क्षितिजावर असताना डोक्यावरच्या हवेला मिळणारा प्रकाशही लांब वाट तुडवूनच आलेला असतो. त्यातला बराच निळा आधीच गेलेला आहे. अशा पिवळसर प्रकाशातून रेणूंनी निळा निवडून विखुरला तरी बेरीज राखाडी-पिवळ्याजवळ यायला हवी. प्रत्यक्षात आकाश दुपारपेक्षाही गडद निळं दिसतं.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हलबर्ट यांनी 1953 मध्ये याचा हिशेब लावला आणि त्यात ओझोन निघाला. ओझोन अतिनील किरण शोषतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो नारिंगी प्रकाशही, 600 नॅनोमीटरच्या आसपास, थोडासा शोषतो. हे खरोखरचं शोषण आहे, विखुरणं नाही. वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणला तर त्याचा थर तीनेक मिलीमीटरच भरेल, त्यामुळे दुपारच्या उभ्या किरणावर त्याचा परिणाम जाणवतही नाही. मावळतीला मात्र किरण ओझोनच्या थरातून तिरका, खूप लांबपर्यंत जातो आणि त्यातला पिवळा-नारिंगी भाग गाळला जातो. हलबर्ट यांच्या हिशेबाने सूर्य मावळतो त्या क्षणी डोक्यावरच्या निळ्याचा एक तृतीयांश भाग रेणूंच्या विकिरणाचा असतो आणि दोन तृतीयांश ओझोनचा. पुढे वीसेक मिनिटांनी सूर्य 5 अंश खाली गेला की डोक्यावरची पहिली 24 किलोमीटर हवा पृथ्वीच्या सावलीत शिरते, आणि तेव्हाचा निळा जवळजवळ पूर्णपणे ओझोनमुळे असतो.